रायबोझाइम आणि ‘आधी आरएनए’: पुरावा नेमका कुठे आहे?

प्रश्न: मी लातूरला नीटची तयारी करतोय. पुस्तकात एका ओळीत दिलंय की काही आरएनए एन्झाइमसारखं काम करतात, त्यांना रायबोझाइम म्हणतात, आणि पहिला जनुकीय पदार्थ आरएनए होता. क्लासमध्ये सर म्हणाले, पाठ करा. पण प्रथिनांच्या आधी आरएनए होता हे कशावरून? स्वतःला कापणाऱ्या इंट्रॉनवरून एवढं मोठं कसं काय ठरवलं?

उत्तर:

नुसत्या इंट्रॉनवरून ठरवलेलं नाही. इंट्रॉनने एवढंच दाखवलं की आरएनएला हे जमतं. एके काळी खरंच तसं चालत असावं, याचा जोरदार पुरावा 18 वर्षांनी, पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमने दिला. पुस्तकात या दोन गोष्टी शेजारीशेजारी छापतात आणि मुलांच्या डोक्यात एकच होऊन बसतात. मी नांदेडला एमएस्सीच्या मुलांची प्रॅक्टिकलं घेतो, तिथेही दरवर्षी हाच घोळ असतो.

आधी इंट्रॉन. टेट्राहायमेना नावाचा एकपेशीय जीव गोड्या पाण्यात राहतो. शेततळ्यातल्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की अंगभर केसांसारखे तंतू हलवत सुळसुळ पळणारे जीव दिसतात, त्याच कुळातला हा. त्याच्या रायबोसोमल आरएनएच्या जनुकात 413 अक्षरांचा एक इंट्रॉन आहे. जनुकाची नक्कल झाली की तो कापून बाहेर काढावा लागतो आणि दोन्ही बाजूंचे एक्झॉन जोडावे लागतात. अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात थॉमस चेक आणि त्यांचे सहकारी हे काम करणारं एन्झाइम शोधत होते. त्या काळी एन्झाइम म्हणजे प्रथिन, यात कुणाला शंका नव्हती.

बेत साधा होता. न कापलेला आरएनए घ्यायचा, त्यात पेशीच्या केंद्रकाचा अर्क टाकायचा आणि इंट्रॉन सुटतो का ते जेलवर बघायचं. मग अर्काचे भाग पाडत पाडत एन्झाइम वेगळं करायचं. आर्थर झॉग यांनी प्रयोग केला आणि सुटलेल्या इंट्रॉनचा पट्टा जेलवर स्वच्छ आला. पण अर्क न टाकलेल्या कंट्रोलच्या ट्यूबमध्येही तोच पट्टा! चेक यांना आधी वाटलं की कंट्रोल बनवतानाच काहीतरी चुकलं. पुन्हा केलं, तरी तेच. ट्यूबमध्ये होतं काय, तर आरएनए, मीठ, मॅग्नेशियम आणि जीटीपी.

इथे सरळ शंका येते की आरएनएला चिकटून एखादं चिवट प्रथिन राहिलं असेल. त्यांनी आरएनए उकळला, एसडीएस आणि फिनॉलने धुतला, प्रथिनं पचवणारी एन्झाइम्स सोडली. काम चालूच राहिलं. तरी मला विचाराल तर एवढ्यावर मी मान डोलावली नसती. आमच्या लॅबमध्ये मुलं ग्लोव्हज न घालता ट्यूब हाताळतात आणि बोटांवरच्या आरएनएजने सगळा आरएनए खाऊन टाकलेला असतो. जेलवर पट्ट्याऐवजी खालपर्यंत ओघळ दिसतो. आरएनए तोडणारं हे प्रथिन इतकं चिवट असतं की उकळून गार केलं तर पुन्हा घडी घालून कामाला लागतं. तेव्हा ‘उकळलं, म्हणजे प्रथिन संपलं’ असं म्हणता येत नाही.

म्हणून 1982 सालचा प्रयोग महत्त्वाचा. त्यांनी इंट्रॉनसहित जनुकाचा तुकडा प्लाझ्मिडमध्ये घातला आणि तो ई. कोलाय या जिवाणूत वाढवला. त्या डीएनएवरून, जिवाणूच्याच शुद्ध केलेल्या आरएनए पॉलिमरेजने, ट्यूबमध्ये आरएनए बनवला. या आरएनएने टेट्राहायमेनाची पेशी कधी बघितलीच नव्हती, त्यामुळे तिथलं कुठलं प्रथिन त्याला चिकटून येण्याचा प्रश्नच उरला नाही. पॉलिमरेज धुऊन काढलं, मॅग्नेशियम आणि जीटीपी टाकलं, आणि इंट्रॉन आपला आपण सुटला.

आता तो सुटतो कसा? ग्वानोसिनचा एक रेणू इंट्रॉनने बनवलेल्या खोबणीत बसतो. त्याचा 3′ टोकाचा हायड्रॉक्सिल गट पहिल्या एक्झॉन आणि इंट्रॉनच्या सांध्यावरच्या फॉस्फेटवर हल्ला करतो. सांधा तुटतो आणि ग्वानोसिन इंट्रॉनच्या सुरुवातीला जोडला जातो. पहिल्या एक्झॉनचं टोक मोकळं होतं, पण वाहून जात नाही, कारण इंट्रॉनमधल्याच एका छोट्या क्रमाशी त्याच्या जोड्या जुळलेल्या असतात. मग हे मोकळं टोक तसाच हल्ला दुसऱ्या सांध्यावर करतं. दोन्ही एक्झॉन एकमेकांना जोडले जातात आणि इंट्रॉन बाहेर पडतो.

दोन्ही पायऱ्यांत एक बंध तुटतो तेव्हाच एक बंध तयार होतो. शेताच्या फेरफारासारखं आहे: सातबाऱ्यावर नाव बदलतं, जमीन तेवढीच राहते. त्यामुळे बाहेरून ऊर्जा लागत नाही. याची खूण प्रयोगातच दिसते. जीटीपीऐवजी एकही फॉस्फेट नसलेला साधा ग्वानोसिन टाकला तरी काम होतं, पण एटीपी टाकला तर होत नाही. म्हणजे जीटीपी इथे ऊर्जेसाठी नाही, त्याचा हायड्रॉक्सिल गट हवा असतो. दुसरी खूण मला जास्त आवडते. सुटलेल्या इंट्रॉनची अक्षरं वाचली, तर सुरुवातीला एक जादा G निघाला, जो जनुकात लिहिलेलाच नव्हता. किरणोत्सारी जीटीपी वापरला तेव्हा तो नेमका तिथेच चिकटलेला सापडला.

इथे एक खोच आहे. एन्झाइम स्वतः न बदलता पुन्हा पुन्हा काम करतं. हा इंट्रॉन तर स्वतःलाच एकदा कापून मोकळा होतो. पुढे त्याला थोडा छाटून दुसऱ्या आरएनएवर पुन्हा पुन्हा काम करणारं रूप मिळालं, ते 1986 मध्ये. पण त्याआधी, 1983 मध्ये, सिडनी ऑल्टमन, नॉर्मन पेस आणि सहकाऱ्यांनी आरएनएज पी या एन्झाइमबद्दल दाखवून दिलं होतं की त्यातलं प्रथिन काढून टाकलं आणि मॅग्नेशियम वाढवलं, तर त्यातला आरएनए एकटाच टीआरएनएचं जादा टोक कापतो, आणि तेही न बदलता, पुन्हा पुन्हा. चेक आणि ऑल्टमन यांना 1989 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. ‘आरएनए वर्ल्ड’ हे नाव वॉल्टर गिल्बर्ट यांनी 1986 मध्ये दिलं. कल्पना 1960 च्या दशकातच वूज, क्रिक आणि ऑर्गेल यांनी मांडलेली होती.

तरीही तुमचा प्रश्न उभाच राहतो. टेट्राहायमेनाचा तो इंट्रॉन काही अब्जावधी वर्षांपूर्वीचा अवशेष आहे असं समजू नका. असे इंट्रॉन एका जनुकातून दुसऱ्या जनुकात उड्या मारू शकतात, आणि एखादा इंट्रॉन त्या जागी बराच उशिरा आलेला असू शकतो.

खरा जुना साक्षीदार म्हणजे रायबोसोम. तो प्रत्येक सजीवात आहे: जिवाणूत, सोयाबीनमध्ये, तुमच्याआमच्यात. म्हणजे आपल्या सगळ्यांच्या सामाईक पूर्वजाकडेही तो होता. त्यात आरएनए आणि प्रथिनं दोन्ही असतात, आणि दोन अमिनो आम्लं जोडण्याचं मुख्य काम प्रथिनच करत असणार, असं बराच काळ धरून चाललं होतं. 1992 मध्ये हॅरी नोलर यांनी रायबोसोममधली बहुतेक प्रथिनं काढली तरी जोडणी चालू राहते हे दाखवलं, पण थोडी प्रथिनं उरली होती, म्हणून वाद मिटला नाही. 2000 मध्ये थॉमस स्टाइट्झ आणि पीटर मूर यांच्या गटाने मृत समुद्रातल्या एका सूक्ष्मजीवाच्या रायबोसोमच्या मोठ्या भागाची रचना अणूंच्या पातळीवर उलगडली. जिथे पेप्टाइड बंध जुळतो, त्या जागेभोवती सगळा आरएनए निघाला. सर्वात जवळचं प्रथिनही सुमारे 18 अँगस्ट्रॉम दूर. एवढ्या अंतरावरून रासायनिक क्रियेला हात लावता येत नाही. जिवाणूंमध्ये मात्र एल27 या प्रथिनाचं शेपूट त्या जागेच्या बरंच जवळ येतं. पण ते प्रथिन नसलेला ई. कोलाय मंद वाढतो, मरत नाही. मदतनीस आहे, मुख्य कारागीर नाही.

आता याचा अर्थ लावा. प्रथिनं बनवायला प्रथिनं लागत असतील, तर पहिलं प्रथिन कुणी बनवलं? यंत्राच्या गाभ्यात आरएनए असल्यामुळे हा तिढा सुटतो: आरएनए आधी, त्याने बनवलेली प्रथिनं नंतर. पेशीतली इतर कामं हळूहळू प्रथिनांनी हाती घेतली, कारण 20 प्रकारच्या अमिनो आम्लांना जे जमतं ते चार बेसना जमत नाही. पण रायबोसोमचा गाभा बदलायचा म्हणजे पेशीतलं प्रत्येक प्रथिन त्या बदलातून सहीसलामत निघायला हवं. त्यामुळे तो तसाच राहिला असावा, असा तर्क आहे. एटीपी, एनएडी, कोएन्झाइम ए यांच्या पोटातही आरएनएचाच घटक सापडतो, आणि पेशी डीएनएचे घटक आरएनएच्या घटकांपासूनच बनवते. हे पूरक पुरावे. माझ्या लेखी रायबोसोमच्या खालोखालचे.

आता मर्यादा. हा पुरावा ‘जनुकाच्या सांकेतिक लिपीवरून बनणाऱ्या प्रथिनांच्या आधी’ एवढंच सांगतो. आपोआप जुळलेली छोटी पेप्टाइड्स त्या काळी आसपास नव्हती, असं त्यातून निघत नाही, आणि आरएनए एकटाच होता असंही नाही. शिवाय स्वतःची पूर्ण नक्कल करणारा आरएनए कुठल्याही आजच्या जीवात मिळालेला नाही. प्रयोगशाळेत निवड करत करत दुसऱ्या आरएनएची नक्कल करणारे रायबोझाइम बनवलेत: 2001 मध्ये 14 अक्षरांपर्यंत मजल होती, 2011 मध्ये 95 पर्यंत गेली. पण ते स्वतःच 150-200 अक्षरांचे होते.

रसायनशास्त्रही सोपं नाही. आरएनएला लागणारी रायबोज साखर सुटी असताना 100 अंश सेल्सिअसला सामू 7 असताना दीड तासाच्या आत निम्मी नष्ट होते. आणि आरएनएच्या घडीला जे मॅग्नेशियम लागतं, तेच जास्त झालं आणि तापमान वाढलं की आरएनएचे तुकडे पाडतं. आमच्याकडे मे महिन्यात लाइट गेली आणि मॅग्नेशियम घातलेल्या ट्यूब बाहेरच राहिल्या, की दुसऱ्या दिवशी जेलवर तोच ओघळ. ही साखर, बेस आणि फॉस्फेट सुरुवातीच्या पृथ्वीवर जुळले कसे, यावर 2009 मध्ये जॉन सदरलँड यांच्या गटाने साखर आणि बेस वेगवेगळे न बनवता दोन प्रकारचे न्यूक्लिओटाइड बनवण्याचा एक मार्ग दाखवला. तो मार्ग निसर्गात तसाच घडला का, यावर अजून वाद चालू आहे.

परीक्षेपुरतं: जिवाणूत पेप्टाइड बंध जोडणारा रायबोझाइम 23एस आरआरएनए, आणि आपल्या पेशीद्रवातल्या रायबोसोममध्ये तेच काम 28एस करतो. पर्यायात ‘सर्व एन्झाइम प्रथिनं असतात’ असं आलं तर ते चूक. ‘बहुतेक’ असेल तर बरोबर.