रिपोर्टवरचा आकडा आणि अक्षर

"मॅमोग्राम नॉर्मल आहे म्हणाले. मग पत्रात 'स्तन दाट आहेत, प्रकार सी, सोनोग्राफीबद्दल डॉक्टरांशी बोला' असं का लिहिलंय? माझ्यापासून काही लपवतायत का?"

या ताई ४६ वर्षांच्या. पत्र आल्यापासून रोज रात्री त्या स्तन चाचपत होत्या, कुठं घट्ट लागतंय का म्हणून. मी आधी तेच थांबवायला सांगितलं. ही घनता हाताला कळत नाही, ती मॅमोग्राममध्येच दिसते. मऊ लागणारा स्तनही दाट असू शकतो. नवीन गाठ लागली तर मात्र ती लगेच दाखवायची.

मग रिपोर्टवर बोट ठेवून दोन जागा दाखवल्या. एका ठिकाणी आकडा होता, १. म्हणजे संशयास्पद काही दिसलं नाही. दुसरीकडे अक्षर, सी. ते आजाराचं नाव नाही, स्तनात चरबी किती आणि ग्रंथी-तंतू किती याचं वर्णन आहे. ए म्हणजे जवळपास सगळी चरबी, डी म्हणजे अतिशय दाट. सी आणि डी यांना 'दाट' म्हणतात आणि चाळिशीपुढच्या साधारण निम्म्या बायका त्यातच येतात. दाटपणामुळे कर्करोगाची शक्यता थोडी वाढते, हेही मी त्यांना सांगितलं.

तरी पत्रामागचं मुख्य कारण वेगळं. मॅमोग्राममध्ये चरबी काळसर दिसते, ग्रंथी पांढऱ्या, आणि गाठही पांढरीच. पांढऱ्या चादरीवर पांढरा दोरा शोधण्यासारखं ते काम. सोनोग्राफीत ग्रंथी उजळ दिसतात आणि गाठ बहुधा काळी, त्यामुळे लपलेली गाठ सापडू शकते.

"मग दरवर्षी सोनोग्राफीच करू ना?" त्यांनी विचारलं. नाही. कर्करोगाची सुरुवात सांगणारे कॅल्शियमचे बारीक कण मॅमोग्रामच नीट दाखवतो. शिवाय दाट स्तनांच्या १००० बायकांची सोनोग्राफी केली तर मॅमोग्रामला न दिसलेले साधारण २ ते ४ कर्करोग मिळतात, पण त्याहून कितीतरी जणींना पुन्हा तपासणी किंवा बायोप्सी करावी लागते आणि निघत काहीच नाही. म्हणून सल्ला 'करा' असा नसतो, 'डॉक्टरांशी बोला' असा असतो. ताईंच्या सख्ख्या मावशीला ४१व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. ते ऐकून डॉक्टरांनी सोनोग्राफी करायला सांगितली.

तीत ६ मिलिमीटरची, गुळगुळीत कडांची लंबगोल गाठ दिसली. या वेळी आकडा ३ आला. फोनवर ताईंचा आवाज थरथरत होता. ३ म्हणजे बहुधा साधी गाठ, कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांच्या आत. सुई घालायची घाई न करता ६ महिन्यांनी पुन्हा बघायचं. ते सहा महिने त्यांना जड गेले, दोनदा नुसतं बोलायला आल्या. दुसऱ्या सोनोग्राफीत गाठ तेवढीच होती, कडाही तशाच. पुढची तपासणी आता वार्षिक मॅमोग्रामबरोबर ठरली आहे.