काम संपवताना क्लायंटला ताबा देण्याचं पत्र
प्रश्न: रिपॉझिटरी, होस्टिंग, डोमेन क्लायंटच्या नावावर करायचंय. शेवटच्या पत्रात काय लिहू?

उत्तर: पत्रात पासवर्ड अजिबात नको, क्रम हवा. साधारण असं लिहा:

"नमस्कार, GitHub वरून रिपॉझिटरी हस्तांतराची विनंती पाठवली आहे. ती एका दिवसात स्वीकारा, नंतर ती रद्द होते. होस्टिंगचं बिलिंग तुमच्या कार्डावर घ्या. डोमेन त्याच रजिस्ट्रारकडे तुमच्या खात्यात हलवतो. पासवर्ड सामायिक व्हॉल्टमधून मिळतील. लॉगिन जमलं की ते बदला आणि मला काढून टाका."

खरी गोम पुढे आहे. हस्तांतरानंतरही रिपॉझिटरीतल्या डिप्लॉय की आणि सीक्रेट्स तशाच राहतात, म्हणून त्या नव्याने बनवायला पत्रातच सांगा. डोमेनच्या खात्याचा रिकव्हरी ईमेलही तपासायला सांगा; तो तुमचाच राहिला, तर पासवर्ड बदलूनही ताबा तुमच्याकडेच राहतो.