गिटारवादकाला लिहायच्या पत्राविषयी

प्रिय मुली,

डेव्हिड गिल्मर यांना पाठवण्यासाठी तू लिहिलेला कच्चा मसुदा मी दोनदा वाचला. बारावीच्या परीक्षेच्या ताणातून 'विश यू वेअर हिअर' या गाण्याने तुला कसे सावरले, हे त्यांना कळवावे असे तुला वाटते आणि ते कळवण्याजोगे आहे. मात्र या मसुद्यात गाणे तिसऱ्या परिच्छेदात येते. त्याआधीचे दोन परिच्छेद 'आपण जगातील सर्वश्रेष्ठ गिटारवादक आहात' आणि 'आपल्या संगीताने माझे आयुष्य बदलले' अशा वाक्यांनी भरलेले आहेत. ज्या माणसाने १९६८ च्या सुमारास पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडमध्ये प्रवेश केला आणि जो आजही वाजवतो आहे, त्याने ही वाक्ये किती वेळा वाचली असतील याचा विचार कर. ती खोटी नाहीत, पण ती कोणीही कोणालाही लिहू शकतो. त्यांनी १९७५ साली ध्वनिमुद्रित केलेले काही सूर तुझ्या अभ्यासाच्या टेबलाशी येऊन नेमके काय करत होते, हे मात्र तुझ्याखेरीज कोणालाच माहीत नाही. म्हणून ते दोन्ही परिच्छेद काढून टाक आणि पहिल्याच वाक्यात गाण्यापाशी ये.

मागे एकदा क्लासमध्ये तू या गाण्याच्या सुरुवातीविषयी एक निरीक्षण सांगितले होतेस. ते मसुद्यात कुठेच नाही, याचे मला आश्चर्य वाटले. गाणे रेडिओच्या खरखरीने उघडते, कोणीतरी स्टेशन बदलत असल्यासारखे निरनिराळे आवाज येतात आणि मग बारा तारांची गिटार ऐकू येते. तिचा आवाज मुद्दाम बारीक आणि लांबचा ठेवलेला आहे, जणू ती त्या रेडिओवरच लागली आहे. साधारण मिनिटभराने दुसरी गिटार सुरू होते. ती भरीव आणि जवळची आहे, आणि तिच्या आधी खोकल्याचा व श्वासाचा आवाजही ऐकू येतो. खोलीत एकटाच बसलेला कोणी मुलगा रेडिओवरच्या गिटारीला साथ करतो आहे, अशी ही रचना आहे. तू म्हणाली होतीस की, 'सर, तो दुसरा माणूस म्हणजे मी आहे असे मला वाटते, कारण माझ्याकडेही सहाच तारांची गिटार आहे आणि मीही बंद खोलीत बसलेली असते.' हे वाक्य पत्रात जसेच्या तसे गेले पाहिजे. गाणे करणाऱ्यांनी त्या दुसऱ्या माणसासाठी जागा मोकळी ठेवली आणि जवळपास पन्नास वर्षांनी एका विद्यार्थिनीने ती भरली, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचावी.

आता मुख्य भागाकडे येतो. 'या गाण्यामुळे माझा ताण कमी झाला' एवढेच तू लिहिले आहेस. कसा झाला, हे वाचणाऱ्याला त्यातून कळत नाही. तू प्रत्यक्षात काय करत होतीस ते आठव. जानेवारीपासून तू घरी सकाळी ११ ते दुपारी २ असे घड्याळ लावून सराव प्रश्नपत्रिका सोडवत होतीस. पेपर संपला की लगेच उत्तरे तपासायला घेत होतीस, पहिली चूक दिसताच तुझे हात गार पडत होते आणि पुढची पाने तू नीट वाचूही शकत नव्हतीस. नंतर तू क्रम बदललास. पेपर मिटायचा, गिटार घ्यायची, त्या गाण्याचा सुरुवातीचा तुकडा सावकाश आणि न अडखळता एकदा वाजवायचा आणि मगच लाल पेन उचलायचे. चुका तेवढ्याच राहिल्या, फक्त त्या वाचताना तू शुद्धीवर असायचीस.

हाच तुकडा का उपयोगी पडला, यालाही एक कारण आहे आणि ते हातात आहे. ई मायनर सेव्हन, जी आणि ए सेव्हन सस फोर या तिन्ही कॉर्ड वाजवताना अनामिका आणि करंगळी सर्वांत बारीक अशा दोन तारांवर तिसऱ्या फ्रेटपाशी टेकलेली असतात आणि ती तिथून हलत नाहीत. हलतात ती फक्त तर्जनी आणि मधले बोट. मधल्या ओळी जाड तारांवर एकेक सुराने वाजवायच्या असल्याने लक्ष तिथे द्यावेच लागते. लक्ष जरा ढळले की सूर दबतो आणि चूक ताबडतोब कानाला कळते, त्यामुळे भौतिकशास्त्राच्या पेपराचा विचार त्याच वेळी मनात चालवणे जवळजवळ अशक्य होते. शिवाय गाण्याची चाल संथ आहे, घाई केली तर ते गाणेच राहत नाही. नुसते ऐकताना मन भटकू शकते, वाजवताना त्याला तेवढी सवड मिळत नाही.

हे सारे मिळून तो परिच्छेद साधारण असा होऊ शकेल. शब्द तुझ्या पद्धतीने बदल, पण तपशील सोडू नकोस.

'मी बारावीत शिकते. सराव परीक्षेचा तीन तासांचा पेपर लिहून झाला की उत्तरे तपासण्याची मला इतकी भीती वाटत असे की चुका समोर असूनही मला त्या समजत नसत. म्हणून तपासण्याआधी मी तुमच्या गाण्याचा सुरुवातीचा भाग एकदा वाजवू लागले. दोन बोटे जागेवर ठेवून बाकीची दोन हलवताना मला दुसरे काहीच आठवत नसे. तुकडा संपेपर्यंत माझे हात पुन्हा ऊबदार झालेले असत आणि मग मी वही उघडत असे.'

या पाच वाक्यांत एकही विशेषण स्तुतीचे नाही. तरीही ज्याने तो तुकडा बसवला त्याला ती दोन स्थिर बोटे वाचताच ओळखू येतील, आणि 'सर्वश्रेष्ठ' या शब्दाने जे साधले नसते ते त्याने साधेल.

एक गोष्ट मात्र दुरुस्त कर. 'मी दिवसभर हे गाणे ऐकत अभ्यास केला' असे तू लिहिले आहेस. ते खरे नाही, आणि खरे असते तर त्याचा तोटाच झाला असता. गाण्यातले शब्द कानावर पडत असताना वाचलेले शब्द लक्षात ठेवणे कठीण जाते. रसायनशास्त्रातील अभिक्रिया पाठ करताना तू गाणे बंद करत होतीस, असे तूच मला सांगितले होतेस. झोपेच्या वेळी हेच गाणे पुन्हापुन्हा लावून ठेवण्याचा प्रयोगही फसला होता. शेवटी वाऱ्याचा आवाज विरत जातो तोवर डोळा लागत असे आणि लगेच गाणे पहिल्यापासून सुरू होऊन रेडिओच्या खरखरीने तुला जाग येत असे. हे फसणेसुद्धा लिही. त्यामुळे उरलेल्या मजकुरावर विश्वास बसतो, आणि मला वाटते की त्यांना हसूही येईल. गुणांचा उल्लेख मात्र नको, कारण निकाल अजून लागायचा आहे आणि जो लागेल त्याचे श्रेय किंवा दोष गिटारीकडे जात नाही.

गाण्याच्या अर्थाविषयीही जरा सांभाळून लिही. हे गाणे परीक्षेत एकट्या पडलेल्या मुलांसाठी लिहिलेले आहे, असा तुझ्या मसुद्याचा सूर आहे. त्या गाण्यामागे, आणि त्याच नावाच्या अख्ख्या अल्बममागे, सिड बॅरेट या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याची अनुपस्थिती आहे. बॅरेट हा पिंक फ्लॉइडचा संस्थापक सदस्य होता. मानसिक प्रकृती ढासळल्यामुळे १९६८ मध्ये तो गटाबाहेर पडला आणि जून १९७५ मध्ये, लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत याच अल्बमचे काम चालू असताना, अचानक तिथे येऊन उभा राहिला. तो इतका बदलला होता की जुन्या मित्रांनाही सुरुवातीला त्याची ओळख पटली नाही. ज्या गाण्यामागे कोणाचे एवढे दुःख आहे, ते आपल्या उपयोगी पडले हे सांगताना 'तुमचे गाणे वेगळ्याच कारणासाठी आहे हे मला ठाऊक आहे' एवढे एक वाक्य पुरेसे होईल. त्याचप्रमाणे 'तुमचे शब्द' असे जे तू लिहिले आहेस ते काढून टाक. या गाण्याचे शब्द पिंक फ्लॉइडमधील त्यांचे तेव्हाचे सहकारी रॉजर वॉटर्स यांचे आहेत, आणि त्या दोघांमधील दुरावा जगजाहीर असल्याने ही चूक नेमकी नको त्या जागी बोचेल. तू गिटारीविषयी लिहीत आहेस, तेव्हा गिटारीपाशीच थांब.

मसुद्याच्या शेवटच्या पानावर एक वाक्य आहे, 'काही रात्री मला वाटायचे की उद्या उजाडूच नये.' ते वाक्य मी पत्र म्हणून वाचले नाही. ते एका दूरच्या कलावंताला कळण्याआधी तुझ्या आईला कळायला हवे, आणि शक्य तर आजच. आता तसे वाटत नसले तरी सांग. घरी बोलणे अवघड वाटले तर मला फोन कर, आपण दोघे मिळून आईशी बोलू. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध असते, तिथे मराठीतही बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. पेपर लिहिल्यानंतरचे गार हात गाण्याने ऊबदार झाले, पण अशा रात्रींसाठी समोर माणूस लागतो. ते वाक्य पत्रात ठेवायचे की नाही, हे आईशी बोलून झाल्यावर तू ठरव.

राहिल्या पाठवण्याच्या बाबी. पत्र एका पानाच्या वर जाऊ देऊ नकोस. आधी मराठीत पूर्ण कर आणि मग साध्या इंग्रजीत उतरव. भाषेतील किरकोळ चुका राहिल्या तरी चालतील, मी फक्त कॉर्डची नावे तपासून देईन. पत्त्यासाठी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर दिलेल्या मार्गाचाच उपयोग कर. पत्रात शाळेचे नाव, घरचा पत्ता आणि तुझा मोबाइल क्रमांक लिहू नकोस. नाव, वय आणि गाव एवढे पुरे, आणि उत्तरासाठी आईचा ईमेल दे. 'कृपया उत्तर द्या' हे वाक्यही काढून टाक, कारण उत्तर बहुधा येणार नाही आणि पत्र त्यासाठी लिहिलेलेही नाही. पुढे कधी समाजमाध्यमावर त्यांच्या नावाने कोणी तुझ्याशी बोलू लागले, खासगी गप्पांसाठी दुसऱ्या ॲपवर ये म्हणाले किंवा भेटीच्या पासासाठी पैसे मागू लागले, तर ते गिल्मर नाहीत हे पक्के समज आणि ते खाते आईला दाखवून बंद कर. प्रसिद्ध वादकांच्या नावाने असे उद्योग सर्रास चालतात.

सुधारलेला मसुदा शनिवारी क्लासला घेऊन ये. गिटारही आण, कारण ए सेव्हन सस फोरवर जाताना तुझी करंगळी अजून किंचित उचलली जाते आणि आपण त्यांना लिहितो आहोत की ती हलत नाही.

तुझा,
गिटारचा सर