स्नूझ दाबलं, पण काम कोणाकडे अडकलंय?

"मॅडम, दुसऱ्यांकडून यायच्या गोष्टींनी माझं डोकं खाल्लंय. आठवण केली तर लोकांना कटकट वाटते, नाही केली तर बोलणी मला बसतात. फोनवर रिमाइंडर लावते, तो वाजला की पुढे ढकलते. आणि रात्री दोनला जाग येऊन तेच आठवतं."

ही तक्रार माझ्याकडे वरचेवर येते. बहुतेकांना वाटतं की आपण विसराळू आहोत किंवा आळशी. मला यात बहुधा दोन वेगळ्याच गोष्टी दिसतात. एक म्हणजे रिमाइंडरची तारीख चुकीच्या ठिकाणी लावलेली असते. दुसरी म्हणजे तो वाजल्यावर नेमकं काय करायचं, हे ठरलेलंच नसतं. भीती असतेच, पण ती या दोन्हींच्या आड दडलेली असते.

वरचं बोलणं ज्यांचं, त्या ताई डोंबिवलीला राहतात आणि लोअर परळच्या एका कंपनीत अकाउंट्स बघतात. त्यांची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी त्यांना म्हटलं, "सगळं सांगू नका. गेल्या महिन्यात ज्यावरून बोलणी बसली, ती एकच गोष्ट सांगा."

ती होती एसी दुरुस्तीच्या बिलाची. कुर्ल्याचे एक दादा ऑफिसचे एसी बघतात. बिल 40,000 रुपयांचं, वर 18 टक्क्यांनी 7,200 जीएसटी. दादांनी ते बिल आपल्या जीएसटीआर-1 मध्ये, म्हणजे विक्रीच्या रिटर्नमध्ये दाखवलं, तरच ताईंच्या कंपनीला त्या 7,200 रुपयांचं क्रेडिट मिळतं, म्हणजे स्वतःच्या करातून तेवढे वजा करता येतात. दादांनी दाखवलं नाही. त्या महिन्यात कंपनीला तेवढे पैसे खिशातून भरावे लागले आणि साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "फॉलो-अप कोण करणार होतं?"

"रिमाइंडर होता का?" मी विचारलं. होता, 18 तारखेचा. कारण कंपनीचा जीएसटीआर-3बी, म्हणजे कर भरायचा महिन्याचा रिटर्न, भरायची शेवटची तारीख 20, म्हणून दोन दिवस आधी.

आता तारखा बघा. दरमहा रिटर्न भरणाऱ्याला जीएसटीआर-1 पुढच्या महिन्याच्या 11 तारखेपर्यंत भरायचा असतो. 14 तारखेला खरेदीदाराचा जीएसटीआर-2बी, म्हणजे त्याला मिळणाऱ्या क्रेडिटची यादी, तयार होतो आणि 11 पर्यंत समोरच्याने जे दाखवलं, तेच त्यात येतं. उशिरा दाखवलेलं बिल पुढच्या महिन्यात जातं. म्हणजे 18 तारखेला ताईंनी दादांना कितीही विनवलं असतं, तरी त्या महिन्यापुरतं काही होणार नव्हतं. रिमाइंडर वेळेवर वाजला होता, पण तोवर खेळ संपला होता.

म्हणून मी तारीख उलटी मोजायला सांगते. माझं काम कधी संपायला हवं, हे बाजूला ठेवा. समोरच्याने हात वर केले, तरी मला दुसरं काही करता येईल असा शेवटचा दिवस कोणता, ते शोधा. ताईंच्या बाबतीत आम्ही 7 तारीख धरली. त्या दिवशी दादांना विचारायचं. 9 ला उत्तर नसेल तर दादांच्या सीएला, कारण रिटर्न प्रत्यक्षात तोच भरतो. हे ताईंना माहीत होतं, तरी महिनोन्‌महिने त्या दादांच्याच मागे होत्या. "सीएला थेट फोन केला तर दादांना राग येईल ना?" मग 7 तारखेच्या फोनवर दादांनाच विचारायचं ठरलं, "गरज पडली तर सीएंशी मीच बोलू का?" दादा सुटल्यासारखे म्हणाले, "बोला ना ताई, माझ्याही डोक्याचा ताप जाईल." सगळेच असं म्हणतील असं नाही, पण विचारल्याशिवाय कळत नाही.

आता स्नूझकडे येऊ. त्या जीमेल वापरतात. दादांना पाठवलेली मेल 'उद्या'वर स्नूझ करायच्या. जीमेलचा हा 'उद्या' मुळात सकाळी आठचा असतो. आठ वाजता ताई कुठे? डोंबिवली फास्टमध्ये, एका हाताने कडी धरून. मेल वर आली की अंगठ्याने पुन्हा 'उद्या'. त्या गर्दीत दुसरं काय करणार? यात मनाचा कमकुवतपणा शोधायची मला गरज वाटली नाही. आम्ही वेळ सव्वाअकरा केली, जेव्हा त्या टेबलावर असतात, चहा झालेला असतो आणि दादाही फोन उचलतात.

त्याबरोबर एक अटही घातली. आधी काहीतरी करायचं, मगच स्नूझ. फोन, मेसेज, नाहीतर 'हे आता सोडलं' असा निर्णय. काहीही न करता तीच गोष्ट तिसऱ्यांदा पुढे गेली, तर तारीख बदलण्यात अर्थ नाही. तिथे थांबून बघायचं, हा फोन मला का नकोसा वाटतोय?

ताईंना नकोसा का वाटत होता, ते त्यांच्या मेसेजमध्येच दिसलं. "दादा नमस्कार, सॉरी त्रास देते, ते बिलाचं जरा बघाल का वेळ मिळेल तेव्हा." कुठलं बिल, काय बघायचं, कधीपर्यंत, काहीच नाही. दादा लिहिणार, "हो ताई, बघतो." मग पुन्हा विचारावं लागणार, आणि दुसऱ्यांदा विचारताना कटकट केल्यासारखं वाटणारच. नवा मेसेज असा: "दादा, 24 तारखेचं 40,000 चं बिल सीएंकडे दिलंत का? 11 च्या आत त्यांनी दाखवलं नाही तर आमचं क्रेडिट पुढच्या महिन्यात जाईल. उद्या दुपारपर्यंत सांगा." हेच वाक्य रिमाइंडरमध्ये आधी लिहून ठेवायचं. नुसतं 'एसी बिल' लिहिलेला रिमाइंडर वाजला की छातीत धस्स होतं, कारण काय बोलायचं हे त्या क्षणी ठरवावं लागतं.

पहिल्याच महिन्यात एक घोटाळा झाला. दादांनी मेलला "ओके ताई" एवढंच उत्तर दिलं. स्नूझ केलेल्या मेलला उत्तर आलं की जीमेल ती लगेच इनबॉक्समध्ये आणतं आणि आधीची वेळ संपते. ताईंना वाटलं, 9 तारखेची आठवण लागलेलीच आहे. ती नव्हती. 'ओके' म्हणजे काम झालं असं नाही, त्यामुळे तारीख पुन्हा लावावी लागते. शिवाय अर्धी माणसं व्हॉट्सॲपवर बोलतात, त्याचा मेलला पत्ता नसतो. म्हणून पैशाशी जोडलेल्या गोष्टी त्यांनी गुगल टास्क्समध्ये तारखेसकट वेगळ्या लिहायला घेतल्या. 14 तारखेला जीएसटीआर-2बी उघडून बिल डोळ्यांनी दिसलं की मगच टिक. जीमेल स्वतःहूनही जुन्या मेलवर "फॉलो-अप करायचा का?" असं सुचवतं, पण त्याला 11 तारीख माहीत नसते. ते सुचवणं फुकटचा बोनस समजावं, त्याच्या भरवशावर राहू नये.

रात्रीची जाग लगेच गेली नाही. कमी झाली. आठवलंच तर 'ते 7 तारखेला सव्वाअकराला आहे' असं मनाला सांगता येतं, आणि ते खरं असल्यामुळे मन बरंचसं ऐकतं.

एक नोंद मात्र सतत पुढे जात राहिली. मावसभावाला दिलेले उसने पैसे. त्याला ना तारीख होती, ना दुसरा मार्ग, ना ताईंना लिहिता येईल असं वाक्य. मी ती यादीतून काढायला सांगितली. भावाकडे पैसे मागायचे की सोडायचे, यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.