टेम्परिंग, सिमर, पिंच: मराठी पाककृतीत काय लिहावं?

प्रश्न: इंग्रजी रेसिपी मराठीत लिहून घरच्या ग्रुपवर टाकते. ‘टेम्परिंग’साठी ‘तडका द्या’, ‘सिमर’साठी ‘सिमवर ठेवा’ आणि ‘अ पिंच ऑफ’साठी ‘एक चुटकी’ लिहिलं, तर आई म्हणाली, हे मराठी नाही. मग रोजच्या स्वयंपाकघरातले शब्द कोणते?

उत्तर: आईचं बरोबर आहे. ‘तडका’ आणि ‘चुटकी’ हिंदीतून आलेत. मराठीत चुटकी वाजवतात किंवा काम चुटकीसरशी होतं. मीठ घेतात ते चिमूटभर. ‘सिम’ची गोष्ट वेगळी आहे. तो शब्द मराठी घरात चांगला रुळला आहे, फक्त त्याचा अर्थ सिमर नाही.

आधी फोडणी. हे ‘फोडणे’चंच नाम, आणि कढईत घडतंही तेच: तापलेल्या तेलात मोहरी फुटते. इंग्रजीत ‘स्प्लटर’ किंवा ‘क्रॅकल’ असं येतं तिथे ‘मोहरी तडतडली की’ लिहा. जिरं मात्र तडतडण्यापेक्षा फुलतं, म्हणून ‘जिरं फुललं की’. क्रमही शब्दांइतकाच महत्त्वाचा. तेल पुरेसं तापलं की नाही हे दोन-चार दाणे टाकून बघतात. लगेच तडतडले नाहीत तर तेल अजून थंड आहे. मोहरी पूर्ण तडतडायच्या आत पुढचं घातलं तर फोडणी कच्ची राहते आणि मोहरी दाताखाली कडू लागते. हिंग-हळद शेवटी, गॅस बारीक करून किंवा बंद करून, कारण हळद काही सेकंदांत करपते. मग फोडणी काळपट दिसते आणि तो कडवटपणा आमटीत लपत नाही. इंग्रजी रेसिपीत पुष्कळदा सगळे मसाले एका ओळीत दिलेले असतात. मराठीत लिहिताना ती ओळ तोडा.

अनुवादात खरी चूक होते ती क्रियापदात. ‘वरून फोडणी घाला’ म्हणजे डाळ तयार आहे आणि चुरचुरीत फोडणी तिच्यावर ओतायची. ‘भाजी फोडणीला टाका’ म्हणजे फोडणी आधी, भाजी तिच्यात. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द असू शकतो, त्यामुळे मूळ कृतीत काय कशात पडतंय ते बघूनच लिहावं. शिळा भात फोडणीत परतला की तो ‘फोडणीचा भात’ होतो. तिथे ‘फोडणी दिलेला भात’ म्हणणं अवघडलेलं वाटतं.

पण प्रत्येक टेम्परिंग फोडणी नसते. कस्टर्डच्या कृतीत ‘अंडी टेम्पर करा’ असं येतं, तिथे फोडणी लिहिली तर अनर्थच. तिथे सांगायचं असतं की गरम दूध पळी-पळीने, फेटत फेटत, बलकात घाला आणि मग ते मिश्रण उरलेल्या दुधात मिसळा. सगळा बलक एकदम गरम दुधात ओतला तर तो जागीच शिजतो आणि गुठळ्या होतात. याला मराठीत एक शब्द नाही आणि शोधूही नये. कृती सरळ लिहावी. चॉकलेटचं टेम्परिंग हे तिसरंच प्रकरण आहे: ते वितळवून, ठरावीक तापमानापर्यंत थंड करून पुन्हा किंचित गरम करतात, म्हणजे चमक येते आणि तुकडा खटकन मोडतो. तिथे ‘टेम्परिंग’ हाच शब्द ठेवावा.

आता सिमर. गॅसच्या बटणावरचं ‘सिम’ ज्योतीबद्दल सांगतं, रेसिपीतलं ‘सिमर’ पातेल्यातल्या पदार्थाबद्दल. दोन्ही एकच धरलं की घोटाळा होतो. पातळ बुडाच्या लहान पातेल्यात अर्धा लिटर रस्सा सिमवरही चांगला उकळतो, तर पाच लिटरच्या जाड पातेल्याला सिमवर नुसती ऊब लागते. सिमर म्हणजे पाण्याला पूर्ण उकळी नाही, पण कडेने बारीक बुडबुडे सतत येतायत. म्हणून ज्योतीऐवजी खूण लिहा: ‘एक उकळी आली की गॅस इतका बारीक करा की कडेने बुडबुडे येत राहतील.’

उकळण्याच्या अवस्था आपल्याकडे आवाजावरून ओळखल्या जातात. पातळ पाणी खळखळतं. दाट पिठलं किंवा उसळ रटरटते, अगदी मंद आचेवरसुद्धा, कारण दाटपणामुळे बुडबुडा अडकून मग फुटतो. म्हणून दाट डाळीच्या कृतीत सिमरसाठी ‘मंद आचेवर रटरटू द्या’ चालतं, पातळ साराला चालत नाही. पहिल्या उकळीसाठी ‘कढ’ हा छान शब्द आहे आणि तो वापरातून चालला आहे. ताकाची कढी खळखळून उकळली तर फुटते, म्हणून ‘सतत ढवळा, एक कढ आला की उतरवा’.

सिमर कशासाठी आहे तेही बघा, उत्तर बहुधा ‘अमुक होईपर्यंत’ या शब्दांत असतं. ‘दाट होईपर्यंत’ असेल तर मराठीत ‘मंद आचेवर आटवा’. ‘बटाटे मऊ होईपर्यंत’ असेल तर ‘मंद आचेवर शिजवा’. झाकण ठेवायला सांगितलंय म्हणून ‘वाफ काढा’ लिहू नका. वाफ काढायची असते ती पाणी नसलेल्या किंवा अगदी थोडं पाणी असलेल्या भाजीला.

पिंच सोपा आहे: अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत मावेल तेवढं, म्हणजे चिमूटभर. अनेकवचन ‘दोन चिमटी’. ‘सॉल्ट टू टेस्ट’ मात्र चिमूटभर नव्हे, चवीपुरतं मीठ. केशराची चिमूट लिहिण्यापेक्षा ‘आठ-दहा काड्या’ लिहा, आपण तसंच मोजतो. खड्याचा हिंग असेल तर ‘हरभऱ्याच्या डाळीएवढा खडा’ जास्त उपयोगी. आणि खायच्या सोड्याला चिमूट कधीच पुरेशी नाही, कारण प्रत्येकाची चिमूट वेगळी. सोडा जास्त झाला तर ढोकळ्याला साबणासारखी चव येते आणि हळद असेल तर लालसर ठिपके पडतात. बाजारातल्या मोजमापाच्या चमच्यांमध्ये ‘पिंच’ म्हणून जो येतो तो बहुधा चहाच्या चमच्याचा सोळावा भाग असतो. सोड्यासाठी तसलं माप द्यावं.

एक वाटी तुरीच्या डाळीची कृती इंग्रजीत अशी असेल: डाळ शिजवा, तेलात मोहरी, जिरं, हिंगाची पिंच, हळद आणि कढीपत्ता टेम्पर करून डाळीवर ओता, दहा मिनिटं सिमर करा. मराठीत मी असं लिहीन:

‘डाळ मऊ शिजवून घोटा, लागेल तसं पाणी घालून एक उकळी आणा. छोट्या कढईत दोन चमचे तेल तापवून अर्धा चमचा मोहरी घाला. तडतडली की पाव चमचा जिरं. ते फुललं की कढीपत्ता (पानं कोरडी हवीत, नाहीतर तेल अंगावर उडतं). गॅस बंद करून चिमूटभर हिंग आणि पाव चमचा हळद घाला आणि लगेच ही फोडणी डाळीवर ओता. चवीपुरतं मीठ घालून मंद आचेवर दहा मिनिटं उकळू द्या. मध्ये दोनदा तळापासून ढवळा, डाळ बुडाला लागते.’