घरच्या कागदांची नोंदवही: ‘मूळ प्रत आज कोठे आहे’ हा रकाना

प्रश्न: घरातील महत्त्वाचे कागद आणि दागिने यांची नोंदवही कशी ठेवावी? आमच्याकडे सगळे एकाच पेटीत असते, तरी वेळेवर नेमका हवा तो कागद सापडत नाही.

आमच्या घरीही लोखंडी पेटीच होती. तिच्यात सातबाऱ्याचे जुने उतारे ढीगभर निघत, पण २०२१ साली भावांची वाटणी करायची वेळ आली तेव्हा चार एकराचे मूळ खरेदीखत मात्र निघेना. बाबांना अर्धांगवायूमुळे नीट बोलता येत नव्हते आणि दुसऱ्या कोणाला काहीच ठाऊक नव्हते. तिसऱ्या दिवशी एका जुन्या पासबुकाच्या प्लास्टिक आवरणात घडी केलेली पावती सापडली. विहीर आणि मोटारपंपासाठी २००९ साली घेतलेल्या कर्जापोटी ते खत बँकेत ठेवलेले होते. कर्ज २०१४ सालीच फिटले होते, पण खत परत आणायचे राहून गेले होते. शाखेची जागा मधल्या काळात बदलल्यामुळे ते हाती यायला अडीच महिने लागले. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यातला बोजाही तसाच होता. बँकेकडून बेबाकी दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज दिला आणि फेरफार मंजूर झाला, तेव्हा तो उतरला.

म्हणून माझ्या नोंदवहीत कागदाचे नाव, तो कोणाच्या नावे आहे आणि त्याचा क्रमांक व तारीख यांनंतर सर्वांत रुंद रकाना ‘मूळ प्रत आज कोठे आहे’ हा आहे. त्यात केवळ ‘बँकेत’ एवढे लिहून भागत नाही. कोणत्या शाखेत, कोणत्या तारखेला, कशासाठी दिली आणि तिची पोचपावती घरात कोठे ठेवली आहे, हे सगळे लिहावे लागते. कागद परत आला की जुनी नोंद खोडरबराने पुसू नये. तिच्यावर एक आडवी रेघ मारून खाली नवी जागा आणि तारीख लिहावी, म्हणजे तो कोठून कोठे गेला हे पुढच्या माणसालाही वाचता येते. मुलांचे शाळा सोडल्याचे मूळ दाखले प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयात जमा होतात, त्यांनाही हाच नियम.

तारणाच्या कागदांबाबत आता एक आधार आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२३ सालच्या निर्देशांनुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून ३० दिवसांच्या आत मूळ कागद परत करावे लागतात, आणि बँकेच्या चुकीमुळे उशीर झाल्यास दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. १ डिसेंबर २०२३ पासून पुढे परत करावयाच्या कागदांना हे लागू आहे. त्यामुळे शेवटचा हप्ता भरल्याची तारीख त्याच ओळीत लिहून ठेवावी, कारण तीस दिवस तेथूनच मोजायचे असतात.

सातबाऱ्याचे जुने उतारे मी नोंदवहीत घेतले नाहीत. मूळ अभिलेख महसूल खात्याकडे असतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा ताजा उतारा १५ रुपयांत मिळतो, तेव्हा गट क्रमांक आणि खाते क्रमांक लिहिणे पुरेसे आहे. खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडून मिळते खरी, पण तिच्यासाठी दस्त क्रमांक आणि वर्ष हाताशी असले तर शोधाशोध वाचते.

दागिन्यांच्या पानावर प्रत्येक डागाचे वजन, खरेदीच्या पावतीची जागा आणि एक छायाचित्र असावे. पेरणीच्या दिवसांत सोने तारण ठेवण्याची आपल्याकडे रीतच आहे. ते ठेवले की तारणपावतीचा क्रमांक आणि मुदतीची तारीख त्याच पानावर यावी. पावतीवरील वजन आपल्या वजनाशी तिथेच ताडून पाहावे.

मुदती मी वहीच्या मागच्या बाजूला महिन्यांची बारा पाने करून लिहितो. तारीख संपण्याची न लिहिता कामाला लागण्याची लिहितो. प्रधानमंत्री जीवन ज्योती आणि सुरक्षा विमा यांचे वर्ष १ जून ते ३१ मे असते, आणि ४३६ व २० रुपयांचे हप्ते मेअखेरीस खात्यातून आपोआप वळते होतात. नेमके तेव्हाच बियाणे-खतासाठी आपण खाते रिकामे करतो, आणि विमा नकळत बंद पडतो. म्हणून माझ्या मे महिन्याच्या पानावर ‘२० तारखेला दोन्ही खात्यांत पाचशे रुपये शिल्लक आहेत का ते पाहणे’ अशी ओळ आहे, आणि जूनच्या पानावर ‘पासबुकात हप्त्यांची नोंद पाहणे’ अशी. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत ३१ मार्चला संपते. तो एप्रिलच्या पानावर आहे, कारण जूनमध्ये सेतू केंद्रावर प्रवेशाची गर्दी असते.

वहीत पिन किंवा पासवर्ड लिहू नयेत, आणि वही पेटीत ठेवू नये. पेटी हरवली किंवा जळाली तर तिच्यात काय होते हे सांगणारी वहीच उरत नाही. आमची वही घरी आईजवळ असते आणि तिची झेरॉक्स अमरावतीला बहिणीकडे. दिवाळीला बहीण आली की दोन्ही प्रती शेजारी ठेवून वर्षभरात बदललेल्या ओळी आम्ही तिच्या प्रतीत उतरवतो.