जागा रिकामी केली, पण कुठली?

प्रश्न: "अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप चार दिवसांपासून अडकलाय. फोनमधली 20 जीबी जागा रिकामी केली, नेटही चांगलं आहे. आता काय करू? ॲप काढून परत टाकू का?"

ॲप काढू नका. बाकी उत्तर नाही वाचलं तरी चालेल, पण एवढं ऐका.

आमच्या वहिनी ब्लाउज शिवतात. गिऱ्हाइकांची मापं, गळ्याचे फोटो, कुणी किती ॲडव्हान्स दिला, सगळं व्हॉट्सॲपवर. वही नाही. मागच्या वर्षी जूनमध्ये त्यांचा बॅकअप असाच अडकल्याचं लक्षात आलं आणि आमच्या दादानं सूत्रं हातात घेतली. दादाचं निदान ठरलेलं असतं: "नेट स्लो आहे." टीव्ही बिघडला तरी हा नेटवर येतो.

पहिल्या दिवशी त्यानं रिचार्ज मारला. दुसऱ्या दिवशी गॅलरीत बसून पुतणीच्या गॅदरिंगचे व्हिडिओ उडवले, वहिनींचा विरोध असताना. तिसऱ्या दिवशी वहिनींचं जीमेल लॅपटॉपवर उघडून मला दाखवलं, "बघ, 15 पैकी 3 जीबीच भरलंय. म्हणजे नेटच." आणि चौथ्या दिवशी म्हणाला, ॲप अनइन्स्टॉल करून बघतो. तेव्हा मात्र मी त्याच्या हातातून फोन काढून घेतला.

व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Chats, त्यात Chat backup. त्या पानावर दोनच ओळी बघितल्या. एक, शेवटचा बॅकअप कधीचा: 11 फेब्रुवारी. म्हणजे दादानं ॲप उडवलं असतं तर गूगलमधून फार तर फेब्रुवारीपर्यंतचं परत आलं असतं आणि लग्नसराईची सगळी मापं गेली असती. दुसरी ओळ Google Account. तिथं जो ईमेल होता तो वहिनींचा नव्हताच! फोन घेतला तेव्हा दुकानातल्या पोरानं "ताई, एक आयडी बनवून देतो" म्हणत एक जीमेल उघडून दिलं होतं, मागे वहिनींचा मोबाइल नंबर चिकटवलेलं. पासवर्ड कुणालाच माहीत नाही. बॅकअप तिकडे जात होता, गूगल फोटोजही तिकडेच, आणि ते खातं काठोकाठ भरलेलं. दादा भलत्याच खात्यातली जागा मोजत होता.

यात गोम अशी की जागा एक नसते. फोनची जागा वेगळी, खात्याची वेगळी. फोनच्या गॅलरीतून व्हिडिओ उडवला तरी गूगल फोटोजमध्ये चढलेली प्रत बहुतेक वेळा तिथेच राहते. शिवाय पूर्वी अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअप गूगलच्या 15 जीबीत धरत नसत. 2024 पासून धरायला लागले. त्यामुळे "इतकी वर्षं चालत होतं की" या वाक्याला आता अर्थ नाही. तुमची 20 जीबी फोनमधली आहे ना? मग आधी तो ईमेल बघा आणि त्याच खात्याची जागा तपासा.

आम्ही खातं बदलून वहिनींचं निवडलं आणि Include videos बंद केलं. बॅकअप 6.1 जीबीचा 1.8 वर आला. खातं बदललं की सगळा बॅकअप पहिल्यापासून चढतो, म्हणून शेजारच्या काकूंच्या वायफायवर फोन चार्जिंगला लावून ठेवला. तासाभरात झालं.

आता दादाच्या बाजूनंही थोडं बोलतो, नाहीतर तो हे वाचून फोन करेल. नेटमुळे अडकतंच नाही असं नाही. व्हॉट्सॲप आधी फोनमध्येच प्रत तयार करतं आणि मग ती वर पाठवतं. अपलोडचा आकडा दिसायच्या आधीच गाडी थांबली तर फोनमधली जागा बघा. आकडा सुरू होऊन मध्येच थबकला तर नेट. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर चार जीबी कसे चढणार? कोटा संपला की वेग रांगायला लागतो. बॅकअप फक्त वायफायवर ठेवलेला असेल आणि घरात वायफाय नसेल, तर तो वाट बघत बसतो. पण खातं भरलेलं असेल तर स्क्रीनवर तसं लिहून येतं. वहिनींच्या फोनवरही आलं होतं. दादानं चार दिवस ती सूचना बोटानं बाजूला सारली.

आयफोन असेल तर हिशेब वेगळा: आयक्लाउडवर फुकट 5 जीबीच, आणि बॅकअपच्या आकाराच्या दुपटीहून थोडी जास्त जागा आयक्लाउडवर आणि फोनमध्येही मोकळी लागते.

दुकानातल्या त्या खात्याचा पासवर्ड अजून सापडलेला नाही. आणि दादा अजूनही पाहुण्यांना सांगतो, "मी रिचार्ज मारला तेव्हा कुठे झालं."